मारू की घर बांधू: बॅकगॅमनच्या पहिल्या काही दानांतला माझा अनुभव

इस्तंबूलमध्ये कामानिमित्त राहत असताना कादिकोयच्या एका चहाच्या दुकानात मी बॅकगॅमन शिकलो. तिथे याला तावला म्हणतात. चहाचे छोटे काचेचे पेले पटाच्या कडेला ठेवलेले असतात, आणि फाशांची नावं फारसी-तुर्की मिसळलेली: सहा-पाच म्हणजे शेश-बेश, दोन्ही सहा आले की दुशेश. माझ्याशी खेळणारे गृहस्थ वयाने मोठे, म्हणून मी त्यांना तिथल्या रिवाजाप्रमाणे ‘अबी’ म्हणायचो. सोंगट्या कशा हलतात हे दोन डावांत कळलं. समोरची एकटी सोंगटी मारता येते आणि त्याच दानात घरही बांधता येतं, अशा वेळी काय करायचं, हे कळायला मात्र बराच काळ गेला. ते ज्या डावात नीट उलगडलं, तो डाव इथे मांडतो.

आधी पट डोळ्यांसमोर हवा. सगळे आकडे माझ्या बाजूने मोजतो. माझं अंगण म्हणजे १ ते ६. सुरुवातीला माझ्या सहावर पाच, आठवर तीन, तेरावर पाच आणि चोविसावर दोन सोंगट्या असतात. चोविसावरच्या दोघी समोरच्याच्या अंगणात अगदी तळाशी अडकलेल्या असतात, तशाच त्याच्या दोन माझ्या १ वर असतात. दोन सोंगट्या एकत्र बसल्या की घर झालं. तिथे समोरच्याला पाय ठेवता येत नाही. एकटी असली तर मार खाते, बारवर म्हणजे पटाच्या मधल्या पट्टीवर जाते आणि मारणाऱ्याच्या अंगणातून पुन्हा सुरुवात करते. सलग घरांची भिंत म्हणजे प्राइम. सहा सलग घरं झाली तर मागच्या सोंगटीला बाहेर पडताच येत नाही. सुरुवातीची सगळी ओढाताण या भिंतीसाठीच चाललेली असते.

अबींना पहिलं दान ६-२ पडलं. त्यांनी माझ्या १ वरची एक सोंगटी ७ वर आणली आणि दुसऱ्या टोकाची एक माझ्या १४ वर उतरवली. म्हणजे माझ्या १, ७ आणि १४ वर त्यांच्या तीन एकट्या सोंगट्या झाल्या. मला ३-१ पडलं.

३-१ म्हणजे सुरुवातीच्या डावातलं सगळ्यात आवडतं दान: आठवरची एक आणि सहावरची एक आणून ५ वर घर. पण इथे ७ वरची सोंगटी आठवरून एकाने मारताही येत होती. मार दिसला की हात शिवशिवतात. तेव्हा अबी पेल्यात साखर ढवळत म्हणाले, “आधी मोज. मारून त्यांचं नुकसान किती, आणि तुझी जोखीम किती.” ‘त्यांचं’ म्हणजे स्वतःचंच. शिकवताना ते असंच बोलायचे.

मोजलं. ती सोंगटी १ वरून निघून सहाच पावलं पुढे आली होती. मारली तर बारवर जाते, म्हणजे नुकसान फक्त सात पावलांचं. माझ्या अंगणात तेव्हा सहावर एकच घर होतं, त्यामुळे तिला आत येण्यापासून फक्त ६-६ रोखणार होतं, छत्तिसात एकदा. उलट एकाने ७ वर मारून तीनने तेरावरची एक १० वर उतरवली, तर माझ्या दोन सोंगट्या उघड्या पडतात. त्यांतली एखादी मारली जाईल अशी दानं छत्तीसपैकी १७ निघतात, आणि ७ वरची गेली तर माझी अठरा पावलं वाया. म्हणजे सात मिळवायला अठरा पणाला लावायची.

आता घर बांधलं तर? माझी एकही सोंगटी उघडी नाही. ५, ६ आणि ८ अशी तीन घरं, मध्ये फक्त ७ ची फट. आणि त्या फटीतच त्यांची सोंगटी एकटी उभी! मला पुढे जी वीट बसवायची आहे तिथेच ती आहे, म्हणजे पुढच्या दानात तिथे घर करताना मारही आपोआप बसेल. याची किंमतही मोजली. १ वरची दुसरी सोंगटी ७ वर नेऊन तिथे त्यांनी जोडी जमवली तर माझी भिंत तिथेच थांबते. त्यासाठी कोणताही सहा, शिवाय ५-१, ४-२ आणि ३-३ चालतात. ही दानं छत्तीसपैकी १६.

दोन्हीकडे जोखीम जवळपास सारखीच. फरक एवढाच की मारल्यावरच्या सतरांत माझं नुकसान होतं आणि हातात काही उरत नाही. घर बांधल्यावरच्या सोळांत त्यांचं बस्तान बसतं, पण माझं ५ चं घर डाव संपेपर्यंत माझंच राहतं. मी घर बांधलं.

अबींना २-१ पडलं. सातवरची सोंगटी सुरक्षित नेता येणार नाही अशी मोजकीच दानं होती, त्यांतलं हे एक. त्यांनी दोनने १४ वर जोडी केली आणि एकने त्यांच्या अंगणातली सोंगटी माझ्या २० वर, म्हणजे स्वतःच्या पाचव्यावर, एकटी ठेवली, पुढच्या दानात तिथे घर करायच्या इराद्याने. मला ६-१ पडलं. तेरावरची एक आणि आठवरची एक, दोघींनी ७ वर जाऊन सोंगटी मारली आणि तिथेच घर केलं. मार आणि घर एकाच दानात मिळत असेल तर विचार करायला उरतच नाही. आता ५, ६, ७ सलग, आणि आठवर एक सोंगटी उरली होती.

पुढचं दान ४-१. चारने ते माझ्या ४ वर आत आले आणि एकने त्यांच्या पाचव्याचं घर पक्कं केलं. मला पडलं ५-२. पाचने तेरावरून ८ झाकायचं, यात शंका नव्हती. त्याने ५ ते ८ अशी चार घरांची सलग भिंत होते. प्रश्न उरला दोनचा. शांतपणे तेरावरची आणखी एक ११ वर उतरवायची, की सहावरून ४ वर जाऊन एकट्याने मारायचं?

तोवर माझी समजूत अशी झाली होती की घर म्हणजे चांगलं आणि सुटा मार म्हणजे उथळ. पण प्राइमसमोर सोंगटी कुठे उभी आहे, यावर सगळं फिरतं. ५ ते ८ च्या भिंतीमागे सोंगटी १ वर असेल तर एका दानात पलीकडे जायला तिला फक्त ६-२, ६-३ किंवा ५-३ चालतं, म्हणजे छत्तिसात सहा. तीच सोंगटी ४ वर, भिंतीला नाक लावून उभी असेल तर कोणताही पाच किंवा सहा तिला बाहेर काढतो: छत्तिसात वीस. माझी भिंत तीच, एकही वीट हललेली नाही, आणि तरी तिची ताकद जवळपास निम्म्यावर. माझ्या मते नवखे खेळाडू इथेच फसतात. ते घरं मोजतात, पण मागची सोंगटी भिंतीच्या कडेवर आली आहे का ते बघत नाहीत.

शांत खेळलो तर वीस दानांत ती निसटणार. मारलं तर माझी ४ वरची एकटी सोंगटी धोक्यात: बारवरून चार, १ वरून तीन (दुसऱ्या फाशाने आत येता आलं तर), शिवाय १-१ आणि २-२. मी बोटांवर मोजलं, अठरा आली. म्हणजे निम्म्या वेळा उलटा मार, आणि तेव्हा माझी एकवीस पावलं जातात. पहिल्या दानात सतराची जोखीम नको म्हटली होती, इथे अठराची घ्यायची? हो. कारण तेव्हा मारून सात पावलांपलीकडे काही मिळत नव्हतं. आता सोंगटी कडेवरून उठून बारवर जात होती, अबींचं निदान अर्धं दान आत येण्यात खर्च होत होतं, आणि उरलेल्या अठरा वेळा ४ झाकून मला पाच घरांची सलग भिंत करायची चांगली संधी होती. मी मारलं. अबींनी भुवई उंचावली, पण बोलले काही नाहीत.

त्यांना ५-१ पडलं. एकने आत येऊन ते १ वरच्या सोंगटीशेजारी बसले. पुढच्या दानात माझ्या एका फाशावर दोन आले, सहावरून ४ झाकलं. ४ ते ८ सलग पाच घरं. १ वरून बाहेर पडायला आता ६-२ हे एकच दान उरलं, तेही आधी दोन खेळून.

पण ‘सुरुवातीला घर, मार नंतर’ असा नियम मी यातून काढला नाही, आणि त्याचं कारण दुसऱ्याच एका डावातलं. अबींना सुरुवातीलाच २-१ पडलं. त्यांनी एक सोंगटी माझ्या १४ वर उतरवली आणि एक २० वर घरासाठी एकटीच ठेवली. मला ६-४. एरवी ६-४ ने काही जण २ वर घर करतात. ते घर भिंतीच्या कामाचं फारसं नाही, सहापासून फार लांब आणि खोल. आणि इथे तर २० वरची सोंगटी पटाबाहेर पडायला फक्त पाच पावलांवर पोचलेली होती. मारली तर वीस पावलं जातात. न मारता सोडली तर छत्तीसपैकी ३१ दानांत ती झाकली जाऊन तिथे घर होतं, म्हणजे माझ्या मागच्या दोघींसमोर त्यांच्या भिंतीची सुरुवात. म्हणून चोविसावरून आधी चार खेळलो, २० वर मार. मग तीच सोंगटी उचलून सहा, आणि ती पडली थेट १४ वर, जिथे त्यांची दुसरी एकटी होती. क्रम उलटा करून आधी सहा खेळलो असतो तर २० वरची तशीच राहिली असती. दोन सोंगट्या बारवर, चौतीस पावलं मागे.

तेव्हापासून मार दिसला की मी दोनच गोष्टी मोजतो. ती सोंगटी पटाबाहेर पडण्याच्या किती जवळ आली आहे, आणि सोडून दिली तर पुढच्या दानात ती काय करणार. माझ्या ७ वरची तुलनेने कमी महाग, तिच्यासाठी ५ चं घर सोडायचं नाही. माझ्या २० वरची फार महाग, तिथे २ च्या घराचा विचारही करायचा नाही. आणि मध्ये कुठे माझी भिंत उभी राहिली असेल, तर तिच्या कडेला नाक लावलेली सोंगटी मारायची, मग ती कितीही मागची असो. अबींच्या बाबतीत तर मी हे इतकं पाळायला लागलो की ते कडेवर येणंच टाळायला लागले, आणि मला ५-२ ची ती संधी त्यांच्याकडून परत मिळाली नाही.