बँकेचा मेसेज आला होता, तरीही

आमच्या ग्राहक मार्गदर्शन केंद्रात एक निवृत्त मुख्याध्यापक पासबुक घेऊन आले. एका नोंदीभोवती त्यांनी लाल पेनाने गोल केला होता. २,९९९ रुपये वजा, आणि शेजारी त्यांनी कधीच न ऐकलेल्या एका कंपनीचं नाव. "ताई, हे पैसे मी कुणाला दिले तेच मला उमगत नाही," ते म्हणाले. बँकेत त्यांना सांगण्यात आलं होतं की परवानगी तुम्हीच दिली आहे आणि कापण्याआधी मेसेजही आला होता.

बँकेचं म्हणणं खरं होतं. सरांचा फोन हातात घेऊन आम्ही जुने एसएमएस शोधले आणि पैसे जाण्याच्या आदल्या दिवशीचा मेसेज सापडला. रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या नियमांनुसार कार्डवरून ठरावीक मुदतीने आपोआप पैसे कापायचे असतील, तर बँकेने किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं. घेणाऱ्याचं नाव, रक्कम, कापण्याची तारीख आणि वेळ, संदर्भ क्रमांक आणि कारण, हे सगळं त्यात असायला हवं. तो व्यवहार किंवा सगळं मँडेटच, म्हणजे पैसे कापत राहण्याची दिलेली परवानगीच, थांबवण्याची सोयही हवी. मेसेजमध्ये हे सगळं होतं. फक्त नाव होतं कंपनीचं, ज्या ॲपच्या वर्गणीसाठी पैसे गेले त्या ॲपचं नव्हे. सरांना ॲप ठाऊक होतं, त्यामागची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नव्हती. त्यामुळे फसवणुकीचा मेसेज असेल, लिंकला हात लावायला नको, असं समजून त्यांनी तो सोडून दिला. आपणच लोकांना अनोळखी लिंक उघडू नका म्हणून सांगतो. सर तसेच वागले होते.

ते ॲप होतं योगासनांचं. वर्षभरापूर्वी बाईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, गुडघ्यांसाठी त्यांनी ते घेतलं होतं. सुरुवात कशी झाली ते पाहण्यासाठी आम्ही आणखी मागे गेलो. ओटीपीचा मेसेज अजून होता आणि त्यात रक्कम होती १ रुपया. मग आमच्या केंद्रातल्या फोनवर ते ॲप नव्याने उतरवून घेतलं आणि प्रत्येक स्क्रीनचा फोटो काढत गेलो. "सात दिवस फक्त ₹१" ही अक्षरं अर्ध्या स्क्रीनभर. त्याखाली फिकट राखाडी रंगात, भिंग लावून वाचावं अशा आकारात, त्यानंतर वर्षाची वर्गणी सुरू होईल ही ओळ. आणि तिच्या शेजारच्या चौकोनात बरोबरची खूण आधीच केलेली.

ती खूण पाहिली आणि तक्रारीत जोर आहे हे मला कळलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की खरेदीची संमती ग्राहकाने स्वतःच्या उघड कृतीने द्यायला हवी. आधीच खूण केलेल्या चौकोनातून ती आपोआप नोंदवून घेता येत नाही. सरांनी ओटीपी टाकला तो एका रुपयासाठी. वर्षाच्या वर्गणीला त्यांनी हो म्हटलं असं त्या ओटीपीवरून ठरत नाही.

पहिल्या वर्षी १,७९९ रुपये गेले तेव्हा सरांनी तक्रार केली नव्हती, कारण बाई तेव्हा रोज आसनं करत होत्या. ते पैसे आम्हीही मागितले नाहीत. सेवा वापरली होती. पुढे व्यायाम थांबला, सरांनी ॲप फोनवरून काढून टाकलं आणि विषय संपला असं धरलं. इथे खूप जण फसतात. ॲप काढलं म्हणून वर्गणी बंद होत नाही, आणि कार्डवरचं मँडेट तर ॲपमध्ये नसतंच, ते बँकेकडे असतं.

दुसऱ्या वर्षी रक्कम १,७९९ वरून २,९९९ वर गेली. मग बँकेने अडवलं का नाही? कारण मँडेट घेताना कमाल मर्यादा ५,००० ठेवलेली होती. कापली जाणारी रक्कम त्या मर्यादेत आणि १५,००० रुपयांच्या आत असली, की नव्याने ओटीपी मागितला जात नाही. बँक मर्यादा पाहते, दर का वाढला हे विचारणं तिचं काम नाही. ते सांगायला हवं होतं कंपनीने.

कंपनीकडे विचारणा केली तेव्हा उत्तर आलं, आम्ही ईमेल पाठवली होती. ती सरांच्या जाहिरातींच्या फोल्डरमध्ये सापडली. विषय होता नव्या वर्षातल्या नव्या संकल्पाचा. वर सूर्यनमस्काराचं मोठं चित्र, खाली नव्या आसनांची यादी, आणि अगदी तळाशी, अटींच्या दुव्याच्या वर, "सुधारित दर लागू". किती रुपये, कोणत्या दिवशी, नको असेल तर कुठे जायचं, यातलं काहीच नाही. याला नूतनीकरणाची सूचना म्हणायला मी तयार नाही. सूचना वाचून माणसाला ठरवता आलं पाहिजे.

मग आम्ही सरांच्याच खात्यातून वर्गणी बंद करायला घेतली आणि स्क्रीन रेकॉर्डिंग चालू ठेवलं. सेटिंग्जमध्ये बंद करण्याचा पर्यायच नव्हता. 'मदत' मधून प्रश्नोत्तरं, तिथून चॅट. चॅटमधून सांगितलं, कार्यालयीन वेळेत फोन करा. फोनवरच्या मुलीने आधी निम्म्या दरात द्यायची तयारी दाखवली, मग तीन महिने स्थगित ठेवू म्हणाली. "मला बंदच करायचंय हो," सर पुन्हा पुन्हा सांगत होते. घेताना मोजून दोनदा बोट लावावं लागलं होतं.

३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ॲप आणि वेबसाइटच्या रचनांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यातल्या तेरा प्रकारांपैकी एक म्हणजे वर्गणीचा सापळा: बंद करणं अशक्य किंवा लांबलचक करणं, बंद करण्याचा पर्याय लपवणं, त्याच्या सूचना गोंधळाच्या ठेवणं. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये हे जसंच्या तसं होतं.

तक्रार लिहिताना मी एक काळजी घेतली. "न विचारता पैसे कापले" असं लिहिलं नाही, कारण कंपनी लगेच बँकेचा मेसेज पुढे करते आणि तक्रार तिथेच लटकते. मेसेज आल्याचं आम्ही आधीच मान्य केलं. मुद्दे मांडले ते असे, की मुळात संमती घेतानाच खूण आधी केलेली होती, वाढलेला दर स्पष्ट कळवला नाही, आणि बाहेर पडायची वाट लपवून ठेवली. बँकेने आपलं कर्तव्य केलं म्हणून कंपनीचं कर्तव्य पार पडलं असं होत नाही.

त्याच बैठकीत सरांच्या नेटबँकिंगमधून मँडेट रद्द केलं. यासाठी कंपनीला विचारावं लागत नाही आणि बँक शुल्कही घेऊ शकत नाही. मात्र मँडेट रद्द झालं म्हणजे पुढचे पैसे थांबले इतकंच. वर्गणीचा करार संपवल्याचं कंपनीला लेखी कळवावं लागतं आणि गेलेले पैसे वेगळे मागावे लागतात. हे दोन्ही लिहून आम्ही तक्रार ईमेलने कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवली. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, अशी नियमाने त्याच्यावर मुदत आहे. पोच आली, पुढे शांतता. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोटो आणि रेकॉर्डिंगसकट नोंद केली. हेल्पलाइन कंपनीला आदेश देऊ शकत नाही, मध्यस्थी करते. सरांना तसं आधीच सांगून ठेवलं होतं, आणि जिल्हा ग्राहक आयोगात जावं लागलं तर एवढ्या रकमेला शुल्क नाही हेही.

आयोगापर्यंत जावं लागलं नाही. कंपनीने "सद्भावना म्हणून" २,९९९ रुपये परत केले. ती खूण आणि बंद करायची लपवलेली वाट याबद्दल चकार शब्द नाही. सर म्हणाले, "माझे आले, पण बाकीच्यांचं काय?" ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम १७ प्रमाणे अनुचित व्यापार प्रथेची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा थेट केंद्रीय प्राधिकरणाकडे पाठवता येते. सरांच्या सहीने, तेच फोटो जोडून, ती आम्ही प्राधिकरणाकडे पाठवली आहे.