2.87 चा बँड गॅप आणि पिवळट पावडर

आमच्या विभागातला यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटर माझ्या ताब्यात असतो, त्यामुळे टॉक प्लॉटची, म्हणजे शोषणावरून बँड गॅप काढायच्या आलेखाची, भांडणं शेवटी माझ्याच टेबलावर येतात. बँड गॅप म्हणजे पदार्थाला प्रकाश शोषायला लागणारी किमान ऊर्जा, ती इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये, eV मध्ये, मोजतात. त्या दिवशी पीएच.डी. करणारी एक मुलगी लॅपटॉप उघडूनच आत आली. युरिया घालून बनवलेला टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे नायट्रोजनची भेसळ केलेला अ‍ॅनाटेस, त्याचं एक स्फटिकरूप. "मॅडम, बँड गॅप 3.2 वरून 2.87 वर आला!" पावडर पिवळट, मारी बिस्किटाच्या रंगाची. शुद्ध अ‍ॅनाटेस पांढराशुभ्र असतो, म्हणजे रंग तर बदलला होताच.

पावडरीतून प्रकाश आरपार जात नाही, म्हणून आपण परावर्तन मोजतो. बेरियम सल्फेटची पांढरी चकती 100 टक्के धरायची, नमुन्याचं परावर्तन R काढायचं आणि कुबेल्का-मुंक सूत्रातून शोषणासारखी एक राशी मिळवायची: F(R) = (1 − R)² / 2R. अ‍ॅनाटेसचा गॅप अप्रत्यक्ष मानतात, म्हणून (F(R)·hν)^(1/2) उभ्या अक्षावर आणि प्रकाशाची ऊर्जा hν आडव्या अक्षावर. कड जिथे सरळ चढते तिथे रेषा ओढून ती आडव्या अक्षाला जिथे टेकते तो गॅप. ही रीत यान टॉक आणि सहकाऱ्यांच्या 1966 च्या अस्फटिक जर्मेनियमवरच्या कामातून आली. आता ती सगळीकडे डोळे मिटून वापरतात, ही माझी जुनी तक्रार.

तिचा आलेख मी नीट पाहिला. रेषेचं गणित चोख होतं. 3.3 eV ला उंची 1.3, 3.6 ला 2.2, मधला भाग छान सरळ. चढ 3 आला आणि रेषा शून्याला 2.87 वर टेकली. पण खाली, 2.5 ते 2.9 च्या पट्ट्यात, वक्र शून्यावर नव्हताच. तो एकच्या आसपास जवळजवळ आडवा पडून होता. जो वक्र शून्याला कधी पोचलाच नाही, त्याची रेषा शून्यापर्यंत का न्यायची?

मी तिला मूळ परावर्तनाचा आलेख उघडायला लावला. 1240 ला 2.87 ने भागलं की 432 नॅनोमीटर येतात. गॅप खरंच तिथे असता तर परावर्तन तिथेच कोसळायला हवं होतं. तिच्या आलेखात 432 ला ते 40-45 टक्क्यांवर निवांत होतं, कडा 390 च्या आसपास.

मग त्या आडव्या भागावरून दुसरी रेषा ओढली. ही किंचित वर चढत जाते. दोन्ही रेषांचा छेद 3.2 eV च्या आसपास आला. पायाचं शोषण, F(R) मध्ये सुमारे 0.37, सगळीकडून वजा करून पुन्हा प्लॉट केला तर 3.1 आला. दोन रीतींत एवढा फरक पडतो, म्हणून दुसऱ्या दशांशावर भांडण्यात अर्थ नाही. शिवाय कडेला लांब शेपूट असेल आणि खाली आडवा भागच नसेल, तर ही छेदाची युक्तीही चालत नाही.

तिला पटत नव्हतं. रास्तच होतं, चार महिन्यांचं काम. मग आम्ही बाटलीतला साधा पांढरा अ‍ॅनाटेस घेतला आणि मॉर्टरमध्ये मेथिल ऑरेंजचे थोडे कण टाकून नुसता घोटला. ना भट्टी, ना रसायनक्रिया. पावडर पिवळी झाली, टॉक प्लॉटचा पाया उचलला गेला आणि शून्यापर्यंत नेलेली रेषा 3 च्या खाली टेकली. रंग नुसता मिसळल्याने स्फटिकाचा गॅप बदलत नाही. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे माझं दृश्य प्रकाशातलं शोषण खोटं?"

खोटं नाही, म्हटलं. शोषण आहेच, पण तो वेगळा पाया आहे. नायट्रोजनने गॅपच्या आत काही पातळ्या तयार केल्या असतील किंवा युरियाचे अर्धवट जळालेले कार्बनी अवशेष असतील. टॉक प्लॉटला हा भेद कळत नाही. तिने नमुना हवेत 500 अंशांना पुन्हा भाजला, तर पावडर बरीच पांढरी झाली आणि पायाही उतरला. पण त्याने निकाल लागला नाही, कारण त्या तापमानाला अवशेष जळतात तसा नायट्रोजनही निसटू शकतो. शेवटी न भाजलेला नमुना एक्सपीएससाठी पाठवला, त्यात क्ष-किरण टाकून अणू कशाला जोडलेला आहे याचा अंदाज घेतात. नायट्रोजनची रेषा 396 eV जवळ दिसली तर तो टायटॅनियमला जोडलेला असण्याची शक्यता जास्त. 400 जवळच असेल तर बाकीच्या शक्यता उघड्या राहतात. तोवर प्रबंधाच्या तक्त्यात तिने 2.87 खोडून "3.1 ते 3.2, शिवाय दृश्य भागात वेगळं शोषण" असं लिहिलं.