डिस्ट्रिब्युटर व्हायला निघालो आणि डीलर झालो

आमचं देवगडात इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. आंब्याच्या बागा वाढल्या तशी पंपांची विचारणा वाढली. गिऱ्हाईक कंपनीचं नाव घेऊनच येतं, म्हणून त्या कंपनीची एजन्सी घ्यायचं ठरवलं.

आधी एका माणसाचा फोन आला, 'पंपाची फ्रँचायझी देतो, रजिस्ट्रेशनचे पैसे भरा' म्हणाला. खातं मात्र कुणा व्यक्तीच्या नावावर. पंपाच्या धंद्यात सहसा फ्रँचायझी चालत नाही. फ्रँचायझीत आपण दुसऱ्याच्या नावाने, त्याच्या पद्धतीने दुकान चालवतो आणि नफा होवो न होवो, विक्रीवर रॉयल्टी भरतो. खाण्याचे पदार्थ, कुरिअर, क्लासेस यांत ते जमतं. पंप आम्ही स्वतःच्या पाटीखाली विकतो, तिथे रॉयल्टी कशाची? फोन ठेवून दिला.

मग कंपनीचा एरियाचा ऑफिसर खरंच दुकानात आला. त्याने दुकान, जीएसटीचे कागद, मागच्या वर्षाची विक्री बघितली आणि थेट डिस्ट्रिब्युटरशिपच पुढे केली. अर्धा सिंधुदुर्ग, वर्षाचं टार्गेट 1 कोटी, मार्जिन 5 टक्के, टार्गेट पुरं केलं तर वर्षाअखेर आणखी 2 टक्के. ऐकायला झकास वाटलं. घरी येऊन कागदावर मांडलं.

1 कोटी म्हणजे महिन्याला सरासरी सव्वाआठ लाख. निरनिराळ्या हॉर्सपॉवरचे आणि हेडचे, म्हणजे कमीजास्त उंचीवर पाणी चढवणारे पंप ठेवायचे म्हणजे दीड महिन्याचा माल हवा. तो झाला साधारण 12 लाखांचा. डिस्ट्रिब्युटर ज्यांना माल पुरवतो ते दुकानदार, म्हणजे डीलर, पैसे देतात दीड महिन्याने, म्हणजे आणखी 12 लाख बाजारात अडकले. कंपनीला मात्र माल निघण्याआधी आरटीजीएस. एकूण 24 लाख गुंतले. मिळकत 5 लाख. त्यातून गोडाऊनचं भाडं, टेम्पो, ड्रायव्हर आणि वसुलीला फिरणारा एक पोरगा मिळून 3 लाख 20 हजार गेले. उरले 1 लाख 80 हजार, म्हणजे गुंतवणुकीवर साडेसात टक्के. बँकेच्या कॅश क्रेडिटचं व्याजही त्यातून सुटलं नसतं. वरचे 2 लाख मिळाले तरच हिशेब जवळपास सोळा टक्क्यांवर जातो.

पलीकडच्या तालुक्यात दुसऱ्या कंपनीचे एक जुने डिस्ट्रिब्युटर आहेत, त्यांना जाऊन भेटलो. काका हसले, "अरे, फायदो मार्जिनात नाय, वर्षाच्या क्रेडिट नोटीत आसा." ती नोट, म्हणजे टार्गेट पुरं केल्यावर वर्षाअखेर मिळणारे जादा टक्के, मिळवायला मार्चमध्ये टार्गेट कमी पडलं की ते माल खरेदीच्या भावाने, कधी त्याहून खाली सोडतात. डीलरना हे माहीत असतं, म्हणून ते फेब्रुवारीत ऑर्डर रोखून धरतात. त्यांच्या एजन्सीच्या पत्रातही त्यांनी एक कलम दाखवलं: एजन्सी एक महिन्याच्या नोटिशीने बंद होऊ शकते, आणि उरलेला माल परत घेण्याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. मला वाटतं, कुठलीही एजन्सी घेण्याआधी कंपनीच्या माणसापेक्षा ती सोडलेल्या माणसाला आधी भेटावं.

मी ऑफिसरला सांगितलं, मला डीलर करा. त्याचा उत्साह जरा मावळला, पण काम झालं. आता माल आमच्या भागाच्या डिस्ट्रिब्युटरकडून येतो, 30 दिवसांच्या उधारीवर. विक्रीवर सुमारे 12 टक्के सुटतात. पंप वर्षाला 15 लाखांचे गेले तर 1 लाख 80 हजार, म्हणजे तिथे खर्च जाऊन उरत होते तेवढेच. यातून फिटिंगला जाणाऱ्या पोराचा खर्च वजा होतो, पण गुंतवणूक अडीच-तीन लाखांपलीकडे जात नाही. शिवाय पंपाबरोबर पाइप, केबल, स्टार्टर जातं, आणि त्यात पंपापेक्षा जास्त सुटतं. दुसऱ्या कंपनीचे पंपही ठेवता येतात.

डीलरला दोन गोष्टी जड जातात. एक उधारी: बागायतदार पंप नेतो फेब्रुवारीत, पैसे देतो पेट्या विकल्यावर, मेअखेर. आमचे 30 दिवस तोवर कधीच संपलेले असतात. म्हणून बागायतदाराकडून निम्मे पैसे आधी घेतो.

दुसरी वॉरंटी. लाइनच्या टोकाच्या वाडीत एप्रिलच्या संध्याकाळी व्होल्टेज 230 ऐवजी 170 वर येतं, मोटर जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं. कंपनीचा मेकॅनिक मोटर उघडतो, सगळं वाइंडिंग सारखं काळं पडलेलं बघतो आणि 'लो व्होल्टेज' लिहून क्लेम परत पाठवतो. तसं बघितलं तर तो चुकीचा नसतो. पण शिव्या खायला मीच समोर असतो. त्यामुळे आता बसवायच्या दिवशी आमचा पोरगा पंप चालू असताना मीटर लावतो आणि आकडा बिलावर लिहून गिऱ्हाइकाची सही घेतो. 190 च्या खाली दिसलं तर लो व्होल्टेजला आपोआप बंद होणारं पॅनेल घेतल्याशिवाय मी पंप देत नाही. एखादं गिऱ्हाईक त्यावरून दुसऱ्या दुकानात जातं, गेलं तर जाऊ दे.