तीन कुरू आणि मधले सहा दिवस

अभ्यासवर्गात नव्याने आलेल्यांचा पहिला प्रश्न बहुतेकदा एकच असतो: कुरआन एक, पैगंबर एक, मग इमामांची मतं वेगवेगळी कशी? त्या दिवशी याच विषयावर बोलायचं होतं. नमाजमध्ये हात कुठे बांधायचे, ‘आमीन’ मोठ्याने म्हणायचं की मनात, ही नेहमीची उदाहरणं मी मुद्दाम टाळली. ती ऐकून लोकांना वाटतं की मतभेद फक्त बारीकसारीक गोष्टींत आहेत, म्हणून ते खपवून घेतले गेले. मी इद्दतचा, म्हणजे तलाकनंतर पुन्हा लग्न करण्याआधी स्त्रीने थांबायच्या काळाचा, विषय घेतला. तिथे एका शब्दावर एखाद्याचं लग्न टिकतं किंवा संपतं.

सूरह बकराची 228वी आयत सांगते की तलाक झालेल्या स्त्रियांनी तीन ‘कुरू’ थांबावं. अरबीत ‘कुर’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही एकमेकांच्या उलट: मासिक पाळी, आणि दोन पाळ्यांमधला शुद्धीचा काळ, म्हणजे तुहर. पैगंबरांच्या सहकाऱ्यांपैकी हजरत उमर, अली आणि इब्न मसऊद यांनी अर्थ घेतला पाळी. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा, झैद बिन साबित आणि इब्न उमर यांनी घेतला तुहर. पुढे इमाम अबू हनीफा पहिल्या बाजूला राहिले, इमाम मालिक आणि इमाम शाफई दुसऱ्या.

इथे एका तरुणाने लगेच सांगितलं, “म्हणजे एका गटाला हदीस पोहोचली नसेल.” नवख्यांची ही हमखास चूक. हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, न पोहोचणं हे काही मतभेदांचं कारण असतं, पण सगळ्यांचं नाही. इथे आयत सर्वांसमोर होती, भाषा सर्वांची मातृभाषा होती, आणि मत देणाऱ्यांत पैगंबरांच्या घरातली व्यक्तीही होती. कोणाला काही ठाऊक नव्हतं म्हणून हा मतभेद झालेला नाही. शब्दच दोन दारं असलेला आहे.

मग पाटीवर दिवस मांडले. समजा, पाळी 28 दिवसांनी येते आणि 6 दिवस राहते. पाळीचा पहिला दिवस म्हणजे दिवस 1. शुद्धी दिवस 7 पासून. दहाव्या दिवशी पतीने एक तलाक दिला, ज्यात इद्दत संपेपर्यंत पत्नीला परत घेण्याचा, म्हणजे रुजू करण्याचा, हक्क त्याला असतो. पुढच्या पाळ्या सुरू होतील दिवस 29, 57 आणि 85 ला.

शाफई मोजणीत तलाक झाला तो अर्धवट तुहर पहिला, त्यानंतरचे दोन पूर्ण. तिसरा तुहर संपतो 85व्या दिवशी, तिसरी पाळी सुरू होताच. इद्दत तिथेच संपली. हनफी मोजणीत तीन पाळ्या पुऱ्या व्हायला हव्यात, म्हणजे 90वा दिवस सरायला हवा. शिवाय पाळी दहा दिवसांच्या आत थांबली असेल तर स्त्रीने गुस्ल, म्हणजे शुद्धीचं स्नान, करेपर्यंत किंवा एका नमाजची वेळ निघून जाईपर्यंत रुजूचा हक्क राहतो. फरक सहा दिवसांचा. पाळीच्या दिवसांत दिलेला तलाक गुनाह आहे, तरी चारही मझहबांत, म्हणजे इमामांच्या परंपरांत, तो लागू होतो. तेव्हा ती अर्धी पाळी दोन्ही बाजू मोजत नाहीत, आणि शेवटी फरक पुन्हा एका पाळीइतकाच उरतो.

दोन्ही बाजूंचे पुरावे मी सावकाश सांगितले, कारण इथे घाई केली की ऐकणारा आपल्या मझहबचाच पुरावा लक्षात ठेवतो. हनफी म्हणतात, ‘तीन’ हा नेमका आकडा आहे. तलाक 28व्या दिवशी झाला तर शाफई मोजणीत उरलेले काही तासही एक कुर ठरतात, मग तीन कुठे राहिले, दोन आणि थोडंसं झालं. शाफईंचं उत्तर असं की कुरआनच हजसाठी ‘ठरलेले महिने’ म्हणतो आणि त्यात शेवटचा महिना पूर्ण नसतो. शिवाय सूरह तलाकच्या पहिल्या आयतीत इद्दतच्या वेळी तलाक द्या असं आहे, आणि तलाक द्यायची योग्य वेळ शुद्धीची. त्यावर हनफी त्याच सूरहची चौथी आयत पुढे ठेवतात: पाळी बंद झालेल्या स्त्रीला तीन महिने. महिने पाळीच्या जागी आले, तर मूळ मोजणी पाळीचीच असणार. मला स्वतःला हा शेवटचा युक्तिवाद फार भक्कम वाटतो. पण इद्दतच्या वेळेचा शाफई मुद्दा त्याने खोडला जात नाही, हेही तिथेच सांगितलं.

चौथ्याच आयतीत गरोदर स्त्रीची इद्दत प्रसूतीपर्यंत आहे. तलाक झालेल्या गरोदर स्त्रीबद्दल तिथे शब्द स्पष्ट आहे, म्हणून मतभेद नाही. इद्दत तीनऐवजी दोन कुरू असावी किंवा मुळीच नको, असं उद्या कोणी म्हणालं तर ते ‘आणखी एक मत’ होत नाही. मुभा आहे ती शब्दाने जागा ठेवली तिथे, आणि शोध घेण्याची पात्रता असलेल्याला. योग्य निष्कर्षाला पोहोचलेल्या हाकिमाला, म्हणजे निवाडा करणाऱ्याला, दोन सवाब, म्हणजे पुण्यं, चुकलेल्याला एक, ही हदीस प्रयत्न करणाऱ्याबद्दल आहे, सोयीचं मत निवडणाऱ्याबद्दल नाही.

मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, “सर, 87व्या दिवशी नवरा म्हणाला की मी रुजू केलं, आणि ती म्हणाली की माझी इद्दत 85 लाच संपली, तर? दोन्ही बरोबर म्हणून कसं चालेल? ती एकतर त्याची बायको आहे किंवा नाही.”

माझ्या टिपणात हे शेवटी होतं, त्यांनी मध्येच गाठलं. पुस्तकात दोन्ही मतं शेजारीशेजारी राहू शकतात, घरात राहू शकत नाहीत. म्हणूनच काझी असतो. त्याने मान्य मतांपैकी एकावर निकाल दिला की त्या दोघांपुरता वाद मिटतो. ज्याचं मत वेगळं आहे त्यालाही तो निकाल पाळावा लागतो, आणि दुसरा काझी आपला इज्तिहाद, म्हणजे स्वतः शोध घेऊन काढलेला निष्कर्ष, वेगळा आहे म्हणून तो मोडू शकत नाही. अन्यथा तिने पुन्हा लग्न केल्यावर एखादा निकाल उलटला, तर त्या घरातली मुलं कोणाची, वारसा कोणाचा, हे कधीच स्थिर होणार नाही.

हजरत उमर यांच्या वारसाच्या खटल्यातही हेच दिसतं. मृत स्त्रीमागे पती, आई, आईकडून असलेले भाऊ आणि सख्खे भाऊ. पतीला अर्धा, आईला सहावा, आईकडच्या भावांना तिसरा हिस्सा गेला की काहीच उरत नाही. आधी त्यांनी सख्ख्या भावांना काही दिलं नाही. नंतर तसाच खटला आला तेव्हा त्या तिसऱ्या हिश्श्यात त्यांनाही सामील केलं. कोणीतरी जुन्या निकालाची आठवण दिली, तेव्हा ते म्हणाले की तो तेव्हा ठरवल्याप्रमाणे, हा आता ठरवल्याप्रमाणे. पहिल्या कुटुंबाकडून काही परत मागितलं नाही.

बाईंनी पुन्हा विचारलं, “आणि काझीकडे जाण्याआधी तिने काय करायचं?”

आधीपासून जो मझहब ती पाळत आली आहे त्याची मोजणी धरायची, आणि तलाक झाल्या दिवसापासून तारखा लिहून ठेवायच्या. 86व्या दिवशी उठून दुसरीकडचं मत शोधायचं नाही, नवऱ्यानेही नाही. त्यांनी वहीत 10, 29, 57, 85, 90 असे आकडे लिहून घेतले.