ओढ्यापलीकडच्या देवळापाशी सापडलेली चूक

माण तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीला गावठाणाच्या गटारांचा आराखडा करायचा होता. त्यासाठी घरं, बोळ आणि जमिनीचा उतार दाखवणारा नकाशा हवा होता आणि ड्रोनने तो करायचं काम माझ्याकडे आलं. हद्दी ठरवायची मोजणी ही नव्हती, ती भूमी अभिलेखची बाब. पण गटाराला उंची नेमकी लागते. उतार उलटा निघाला तर पाणी लोकांच्या उंबऱ्याशी तुंबतं, म्हणून मला हे काम मनापासून नीट करायचं होतं.

ड्रोन उडवायला वेगळी परवानगी लागत नाही अशा ग्रीन झोनमध्ये गाव होतं आणि उड्डाणाची उंची 80 मीटर ठरवली होती. आदल्या संध्याकाळी दवंडी दिली, सरपंचांना सोबत घेऊन गल्लीगल्लीतून फिरलो. कॅमेरा 20 मेगापिक्सेलचा होता. 80 मीटरवरून फोटोतला एक ठिपका जमिनीवरचे सुमारे 2.2 सेंटिमीटर झाकतो. साधारण 500 बाय 600 मीटरचा पट्टा उडवायचा होता. पुढचा फोटो मागच्यावर 80 टक्के चढेल आणि शेजारच्या दोन फेऱ्या एकमेकींवर 70 टक्के चढतील, असं आखलं. म्हणजे दर 16 मीटरला एक फोटो आणि दोन फेऱ्यांमध्ये 36 मीटर. सगळे मिळून 570 च्या आसपास फोटो झाले. सकाळी साडेअकरानंतर उडवलं, कारण बोळातल्या लांब सावल्यांत जमिनीचा पोत दिसत नाही आणि तिथे फोटो जोडून नकाशा करणारं सॉफ्टवेअर चाचपडतं.

ड्रोनच्या स्वतःच्या जीपीएसवर नकाशा केला तर तो दोन-तीन मीटर सरकलेला असू शकतो आणि उंचीत त्याहून जास्त. त्याला जमिनीशी बांधतात ते ग्राउंड कंट्रोल पॉइंट. फोटोत स्पष्ट दिसेल अशी खूण जमिनीवर करायची आणि तिचं स्थान रोव्हरने, म्हणजे काठीवर बसवलेल्या अचूक जीपीएस यंत्राने, मोजायचं. मी आठ खुणा केल्या. डांबरावर आणि सिमेंटवर पांढऱ्या रंगाची फुली, मातीवर फक्कीची. फक्कीची फुली उड्डाणाच्या सकाळीच मारावी हे मला तेव्हाच कळलं. रात्री मारलेल्या एका फुलीवरून पहाटे शेळ्या गेल्या होत्या आणि मध्य कुठला ते सांगता येत नव्हतं. ती पुसली, नवी आखली, पुन्हा मोजली.

रोव्हर सर्वे ऑफ इंडियाच्या कॉर्स सेवेला, म्हणजे जीपीएसची चूक दुरुस्त करणाऱ्या कायम केंद्रांच्या जाळ्याला, जोडलेला होता. पडद्यावर ‘फिक्स’, म्हणजे स्थान पक्कं झाल्याची खूण, आल्याशिवाय नोंद घ्यायची नाही आणि प्रत्येक बिंदू तासाभराच्या अंतराने दोनदा मोजायचा, हा माझा नेम. चावडीजवळच्या लिंबाखाली रोव्हर ‘फ्लोट’वरच, म्हणजे कच्च्या स्थानावरच, अडकला, तेव्हा तो बिंदू सोडून उघड्यावर दुसरा घेतला.

याशिवाय पाच बिंदू मोजले, पण सॉफ्टवेअरला दिले नाहीत. हे चेक पॉइंट. नकाशा तयार झाल्यावर त्यालाच विचारायचं की हे पाच बिंदू तू कुठे दाखवतोस? मोजलेल्या आकड्याशी पडणारा फरक हीच नकाशाची खरी परीक्षा.

फोटो जोडणारं सॉफ्टवेअर वेबओडीएम रात्रभर चालवलं. सकाळी अहवाल उघडला तर आठही कंट्रोल पॉइंटांची चूक दीड सेंटिमीटरच्या आत. मी खूश झालो. मग ऑर्थोमोझेक, म्हणजे फोटो जोडून झालेला सरळ वरून दिसणारा नकाशा, क्यूजीआयएस या नकाशे पाहायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून एकेक चेक पॉइंट ताडून पाहिला. गावातले चार अगदी व्यवस्थित होते. पाचवा ओढ्यापलीकडच्या देवळाच्या फरशीवर होता. तिथली फुली नकाशात 9 सेंटिमीटर पूर्वेला आणि 6 सेंटिमीटर उत्तरेला सरकलेली, म्हणजे आडवी चूक 11 सेंटिमीटर. उंचीत तर नकाशा 31 सेंटिमीटर वर दाखवत होता.

आधी वाटलं, मोजताना काही चुकलं असेल. परत जाऊन बिंदू मोजला, आकडा तोच. मग कंट्रोल पॉइंटांची मांडणी नकाशावर पाहिली आणि कारण समोर आलं. आठही बिंदू मोठा रस्ता आणि गावातल्या चौकांत होते, जिथे जाणं सोपं होतं. ओढ्याच्या बाजूला बाभळीचं रान, तिकडे मी गेलोच नव्हतो. देऊळ शेवटच्या कंट्रोल पॉइंटपासून 150 मीटर बाहेर पडलं होतं.

कॅमेऱ्याचं भिंग चित्र किती वाकवतं, हे सॉफ्टवेअर त्याच फोटोंवरून अंदाजतं. सगळे फोटो सरळ खाली रोखलेले असले की त्या अंदाजात थोडी चूक राहते आणि फोटोंवरून बनलेला जमिनीचा अख्खा आकार किंचित वाकतो. पापड वाळताना मधोमध वजन ठेवलं तर मध्य बसतो, कडा मात्र उचलल्या जातात. तसंच हे. कंट्रोल पॉइंटांनी मध्य धरून ठेवला होता, ओढ्याकडची कड मोकळी होती. आणि अहवालातली दीड सेंटिमीटरची चूक फक्त धरलेल्या जागांची होती.

गटाराच्या हिशोबात हे फार मोठं होतं. गावाकडून ओढ्याकडे 300 ला 1 असा उतार घेतला तर 150 मीटरमध्ये 50 सेंटिमीटर उतरण मिळते. त्यातले 31 सेंटिमीटर नकाशानेच खाऊन टाकले होते. उरले 19. त्यावर आराखडा केला असता तर गटार विनाकारण दुसरीकडे वळवलं गेलं असतं.

देवळाजवळचा बिंदूच कंट्रोल म्हणून दिला तर चूक नाहीशी दिसेल, हा मोह झाला. पण मग ती बाजू खरंच सुधारली की नाही हे तपासायला काहीच उरलं नसतं. ड्रोनही पुन्हा उडवावा लागला नाही. फोटोत नेमका कोपरा दिसतो अशा पक्क्या जागा शोधल्या: ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्याचा कोपरा, हातपंपाच्या ओट्याचा कोपरा आणि पलीकडच्या विहिरीच्या सिमेंटच्या कट्ट्याचा कोपरा. बाभळींतून वाट काढत तिन्ही मोजल्या. कठड्याची उंची मोजताना काठी वरच्या पृष्ठभागावरच टेकवली, कारण फोटोत कोपरा दिसतो तो वरचा. तिन्ही बिंदू सात-आठ फोटोंत खूण करून दिले आणि पुन्हा चालवलं. देवळाची फुली आता आडवी 3 आणि उंचीत 5 सेंटिमीटरवर आली.

नकाशा छापून ग्रामपंचायतीत लावला. एक आजी बराच वेळ आपलं घर शोधत होत्या. मग म्हणाल्या, “बाळा, माझी भिंत कुठंय ह्यात? नुसता पत्राच दिसतोय.”

त्यांचं बरोबर होतं. वरून दिसते ती वळचण, भिंत तिच्या आत. ऑर्थोमोझेक कितीही अचूक असला तरी छपराखालचं त्यात येत नाही. आजींच्या बोळाची रुंदी नकाशात पत्र्यापासून पत्र्यापर्यंत 2.1 मीटर होती. आम्ही त्यांच्या दारात टेप धरला. त्यांच्या बाजूला पत्रा भिंतीबाहेर 55 सेंटिमीटर आलेला, समोरच्या बाजूलाही तेवढाच. खाली बोळ 3.2 मीटरचा निघाला. गटार भिंतीच्या कडेनेच जाणार होतं, त्यामुळे पुढचे दोन दिवस टेप घेऊन प्रत्येक बोळात वळचण मोजली आणि भिंतीची रेघ नकाशावर वेगळ्या रंगाने काढली. पहिली रेघ आजींच्या घराची काढली.