काळ्यातला हिरवा

मार्च लागला की आमची शाळा सकाळची होते. सोलापूरचं ऊन साडेनऊलाच प्रयोगशाळेच्या खिडकीत येऊन बसतं, वर पंखा गरगरत असतो आणि समोर पस्तीस मुलं. त्या दिवशी जोडतासिका होती आणि प्रयोग अगदी साधा. पुस्तकात त्याला ‘रंजकद्रव्य पृथक्करण’ असं भारदस्त नाव आहे. काळ्या स्केचपेनचा ठिपका फिल्टर पेपरच्या पट्टीवर द्यायचा, पट्टीचं टोक पाण्यात टेकवायचं आणि काळ्यातून कोणते रंग निघतात ते लिहायचं. हा प्रयोग मी दरवर्षी घेते. उत्तर मला पाठ होतं: निळा, पिवळा, गुलाबी. तीन.

मुलांनी लिहिलं पाच. निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी, गुलाबी.

खरं तर पहिली फेरी वायाच गेली होती आणि दोष माझा होता. पट्ट्या उघड्या चंचुपात्रांत टांगल्या होत्या आणि पंखा चालू. पाणी पट्टीवर पाच सेंटिमीटर चढलं आणि थांबलं. कोरड्या हवेत ते वरून जितकं उडत होतं तितकंच खालून चढत होतं, त्यामुळे पाण्याची रेघ पुढे सरकेचना. मागून येणारे रंग त्या रेघेपाशी गर्दी करून एकमेकांवर चढले. पाण्याच्या रेघेपाशी गडद काठ दिसला आणि पाणी पुढे जात नसेल, तर ओळखावं की हवा आत शिरते आहे. मग घरून आणलेल्या झाकणाच्या बरण्या काढल्या. तळाशी एक सेंटिमीटर पाणी, झाकण लावून दहा मिनिटं तशाच ठेवल्या, म्हणजे आतली हवा ओलसर होते. पंखा बंद केला. मुलांनी हातातल्या वह्यांनी वारा घ्यायला सुरुवात केली, पण पट्ट्या नीट चालल्या.

पट्टी बारा सेंटिमीटर लांब, दोन रुंद. खालून दोन सेंटिमीटरवर पेन्सिलीची रेघ. पेनने रेघ मारलीत तर तीच रेघ विरघळून वर चालू लागते, हे दरवर्षी कोणीतरी एक जण करून दाखवतोच. ठिपका तांदळाच्या कणीएवढा आणि पाण्याच्या पातळीच्या वर. ठिपका पाण्यात बुडाला तर शाई वर न चढता बरणीतच उतरते.

तर पाच रंग. मी फळ्यापाशी जाऊन समजावलं की हिरवा वेगळा नाही, निळा आणि पिवळा जिथे एकमेकांवर येतात तिथे तो दिसतो. नारिंगीही तसाच, पिवळा अधिक गुलाबी. चित्रकलेच्या तासाला शिकलेलंच आहे. पोरांनी माना डोलावल्या.

तिसऱ्या बाकावरची मुलगी मात्र पट्टी उजेडाकडे धरून बसली होती. पूर्व भागात राहणारी, घरात तेलुगू बोलणारी, वडील टॉवेलच्या सुताच्या डाईंगमध्ये. ती म्हणाली, “मॅडम, एकमेकांवर आलेत हे कशावरून? हिरवाच घातला असेल तर?”

मी म्हटलं, “दिसतंय की.”

“वेगळा हिरवा असला तरी असाच दिसेल की मॅडम.”

बरोबर होतं तिचं. डोळ्यांनी बघून या दोन गोष्टींत फरक करता येत नाही, आणि मी इतकी वर्षं न तपासता ते सांगत आले होते. मी विचारलं, आता काय करू या? तिचं उत्तर मला अपेक्षित नव्हतं. “पाण्यात मीठ घाला. पप्पा घालतात. रंग पाण्यात पळत नाही, सुताला धरतो.”

ती जे म्हणाली त्याला रसायनशास्त्रात नेमका अर्थ आहे. फिल्टर पेपर म्हणजे सेल्युलोज, आणि सूतही सेल्युलोजच. पट्टीवरून चढताना रंगाच्या प्रत्येक कणाची ओढाताण चालू असते: कागदाला धरून राहायचं की पाण्याबरोबर पुढे जायचं. ज्याला पाणी जास्त मानवतं तो वर जातो, ज्याला कागद सोडवत नाही तो मागे राहतो. नुसत्या पाण्यात स्केचपेनचे बरेच रंग इतके खुशीत असतात की सगळेच पाण्याच्या रेघेमागे धावतात आणि एकमेकांत मिसळलेले दिसतात. पाण्यात मीठ घातलं की रंगाला पाण्यात राहणं अवघड होतं आणि तो कागदाकडे झुकतो. सगळेच सारखे झुकत नाहीत, म्हणून त्यांच्यातलं अंतर वाढतं. डाईंगच्या टाकीत मीठ घालतात ते याच कारणानं, रंग पाण्यातून निघून सुतावर बसावा म्हणून.

योगायोग असा की कागदावरची ही पद्धतही कापडाच्याच धंद्यातून आली. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात लोकर उद्योगाची संशोधन संस्था होती. तिथे लोकरीच्या प्रथिनातली अमायनो आम्लं वेगळी करायच्या खटपटीत कॉन्सडन, गॉर्डन आणि मार्टिन यांनी १९४४ साली फिल्टर पेपरच्या पट्ट्या वापरल्या. त्याआधी मार्टिन आणि सिंज यांनी बसवलेल्या मूळ पद्धतीला १९५२ चं नोबेल मिळालं. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा तिला त्यातलं एकच पटलं, की लोकरवाल्यांनाही हे सुचलं होतं.

लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम मीठ घालून नव्या पट्ट्या टांगल्या. अर्ध्या तासानं बाहेर काढल्या. बाहेर काढताच पाणी कुठवर पोचलं तिथे पेन्सिलीनं खूण करायची, कारण वाळल्यावर ती रेघ दिसत नाही आणि मग मापाला आधारच उरत नाही. पाणी रेघेपासून आठ सेंटिमीटर चढलं होतं. निळा ७.२ वर, पिवळा ५.७ वर, नारिंगी ४.३ वर, गुलाबी २.५ वर. रंगानं कापलेलं अंतर भागिले पाण्यानं कापलेलं अंतर: निळ्याचं ०.९०, पिवळ्याचं ०.७१, नारिंगीचं ०.५४, गुलाबीचं ०.३१. हिरवा आक्रसून निळ्याखाली केसाएवढी कड राहिली होती.

मी खूश झाले. हिरवा गेला, म्हणजे तो भास होता. नारिंगी तेवढा राहिला. पण तो पिवळ्या-गुलाबीच्या जवळजवळ मध्यावर होता, तेव्हा तेही मिश्रणच, असं मी पुन्हा ठामपणे म्हटलं. पोरीनं काही न बोलता माझ्याकडे पाहिलं. घंटा झाली, वर्ग गेला, ती आणि तिच्या दोन मैत्रिणी थांबल्या.

याचा निकाल लावायचा एकच रस्ता होता: संशयित पट्टा कापून काढायचा, त्यातला रंग उतरवायचा आणि त्यालाच पुन्हा पट्टीवर चालवायचं. मिश्रण असेल तर फुटेल. एका पट्टीत रंग फार थोडा असतो, म्हणून साध्या पाण्याच्या चार पट्ट्यांमधले हिरवे तुकडे कापून एका काचेच्या बशीत ठेवले. त्यावर कोमट पाण्याचे दहा थेंब टाकले. पाव तासानं तुकडे पिळून काढले आणि बशी खिडकीतल्या उन्हात ठेवली. तिथे मार्चच्या उन्हानं आमचं काम केलं, दहा थेंबांचे दोन व्हायला फार वेळ लागला नाही. नारिंगीसाठी मिठाच्या पट्ट्यांतले तुकडे घेतले. टूथपिकच्या टोकानं दोन्ही द्रव नव्या पट्ट्यांवर चढवले. एक ठिपका, वाळू द्यायचा, त्याच जागी दुसरा, असं पाच-सहा वेळा. घाई केली तर ठिपका पसरतो आणि मोठ्या ठिपक्याचे रंग पुन्हा एकमेकांवर येतात.

दोन्ही पट्ट्या मिठाच्या पाण्यात टांगल्या आणि आम्ही चौघी बरणीसमोर बसलो.

हिरवा फुटला. वर निळा, खाली पिवळा, मध्ये कोरी जागा. आमची समजूत बरोबर निघाली, पण या वेळी पुराव्यानं.

नारिंगी फुटला नाही. तो चढत गेला, एकच गोल राहिला आणि ०.५१ वर थांबला. आधीच्या ०.५४ पेक्षा थोडा कमी, कारण कापलेल्या तुकड्यांबरोबर थोडं मीठही उतरलं होतं. पण खाली गुलाबी नाही, वर पिवळा नाही. नारिंगी हा स्वतंत्र रंग होता. पेनात चार रंग होते आणि मी इतकी वर्षं तीन सांगत होते.

“एकच आहे मॅडम,” ती म्हणाली. आता शंका काढायची पाळी माझी होती. दोन वेगळे रंग एका द्रवात योगायोगानं सारख्याच वेगानं चालू शकतात, आणि मग एकच गोल दिसतो. म्हणून उरलेला थेंब एका पट्टीवर चढवला आणि निम्मं पाणी, निम्मं दवाखान्यात वापरतात ते स्पिरिट अशा मिश्रणात चालवला. तिथेही एकच गोल. यापुढे आमच्या बरण्यांची पोच नव्हती, तेव्हा ‘फुटत नाही’ एवढंच लिहायचं ठरलं.

मग नावांचा प्रश्न आला. ‘पिवळा’ हे दिसण्याचं नाव झालं. तो पिवळा कुठला, हे पट्टी आपण होऊन सांगत नाही. ओळखीचा रंग शेजारी चालवावा लागतो, त्याच पट्टीवर, त्याच पाण्यात, एकाच वेळी. एक मैत्रीण पळत जाऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून खायच्या रंगाच्या दोन पुड्या घेऊन आली. पिवळ्या पुडीवर टार्ट्राझिन छापलेलं होतं, नारिंगीवर सनसेट यलो. रुंद कागद घेऊन पेन मध्ये आणि दोन्ही पुड्यांचे ठिपके दोन बाजूंना दिले.

पेनचा पिवळा आणि टार्ट्राझिन एकाच उंचीवर थांबले. पेनचा नारिंगी मात्र सनसेट यलोच्या चांगलाच खाली राहिला. डोळ्यांना दोन्ही सारखेच नारिंगी. या दोन निकालांचं वजन सारखं नाही. उंची जुळली नाही, तर तो रंग तो नाही, हे नक्की. उंची जुळली, तर तो असू शकतो, एवढंच. तिनं प्रयोगवहीत लिहिलं: निळा. पिवळा, टार्ट्राझिन असू शकतो. नारिंगी, सनसेट यलो नाही. गुलाबी, तुलनेला काही नव्हतं. ही वही बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पाहिली, तर गुण कापतील का, असंही तिनं विचारलं. मी म्हटलं, कापले तर मला बोलवा.

साडेबारा वाजले होते. बरण्या धुवायला घेतल्या, तर शेवटच्या बाकावर एक बरणी तशीच टांगलेली. त्या मुलानं स्केचपेन आणलं नव्हतं म्हणून खिशातल्या जेल पेनचा ठिपका दिला होता. तीन तास पाण्यात उभी राहून पट्टी टोकापर्यंत भिजली होती आणि ठिपका जिथे दिला तिथेच, तसाच काळाकुट्ट. काळ्या जेल पेनात बहुतेक वेळा काजळीची बारीक पूड असते. ती पाण्यात विरघळत नाही, नुसती तरंगत असते, आणि कागदाच्या तंतूंत अडकली की हलत नाही.

पोरीनं ती पट्टी स्पिरिटच्या बरणीत टाकून पाहिली. ठिपका तिथेही हलला नाही.