एक रेघ कमी असलेला काफ

नागपुरात मी उर्दू शिकवतो. महाल भागातली एक विद्यार्थिनी आयुर्वेदाची वैद्य आहे. तिच्या आजोबांच्या पेटीत युनानी नुस्ख्यांचं जुनं शिळाछापाचं पुस्तक निघालं. एका पानाचा मोबाईलवर फोटो काढून ती वर्गात आली. "सर, दोन दिवसांपासून बसली आहे, जमून नाही राहिलं," म्हणाली.

मी तिला वहीत तीन रकाने आखायला लावले. पहिल्यात छापलेली उर्दू जशीच्या तशी, दुसऱ्यात देवनागरीत उच्चार, तिसऱ्यात मराठी अर्थ. फोटोतली एक ओळ म्हणजे वहीतली एक ओळ, म्हणजे नजर चुकत नाही. उर्दूतही क्रियापद बहुधा शेवटीच येतं, त्यामुळे मराठी अर्थ ओळीला ओळ लावून बसवता येतो.

पहिल्या नुस्ख्यात तिने उच्चार लिहिला होता "कुल बनफ़्शा, ६ माशे" आणि अर्थ "सगळी बनफ्शा, ६ माशे". सगळी घ्यायची तर वजन कशाला? हा प्रश्न तिला तिसऱ्या रकान्यानेच पाडला. जुन्या छपाईत गाफची, म्हणजे उर्दूतल्या 'ग'ची, वरची दुसरी रेघ पुष्कळदा देतच नसत, म्हणून गाफ हुबेहूब काफसारखा, म्हणजे 'क'सारखा, दिसतो. इथे वाचायचं होतं "गुल बनफ़्शा", म्हणजे बनफ्शाची फुलं. ती लगेच पहिल्या रकान्यात काफवर रेघ चढवायला निघाली. मी हात धरला. तिथे छापलंय तेच राहू दे, दुरुस्ती दुसऱ्या रकान्यात कर. नाहीतर उद्या वही पाहणाऱ्याला कळणारच नाही की छापलेलं किती आणि आपण लावलेलं किती. स्वरांचंही तेच. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. "गुल"मधला उकार पानावर नाहीच, तो आपण घालतो. असे घातलेले स्वर तिने लाल पेनाने लिहायला घेतले.

हे फार कामी आलं. खाली रक्तस्रावाच्या नुस्ख्यात तीच दोन अक्षरं पुन्हा आली आणि तिने सरावाने लिहिलं "गुल अरमनी", अर्मेनियाचं फूल. लाल उकार पाहून ती स्वतःच थांबली. "हा मी टाकला न, सर?" तिथे इकार हवा होता. "गिल-ए-अरमनी" म्हणजे अर्मेनियाची लाल माती, युनानीत रक्त थांबवायला वापरतात ती. मधला "ए"सुद्धा पानावर नव्हता, तोही लाल झाला.

या मातीचं वजन मात्र फोटोत नव्हतं. उर्दू पुस्तकाच्या उजव्या पानावर ओळी डावीकडे, शिवणीपाशी संपतात, आणि नेमकी तिथेच सावली पडली होती. "वर ६ माशे आहे, तेच लिहू?" मी नाही म्हटलं. औषधाचं वजन अंदाजाने लिहायचं नाही, तिन्ही रकाने कोरे ठेव. पुढच्या वर्गाला तिने पुस्तक सपाट उघडून, खिडकीच्या उजेडात काढलेला फोटो आणला. तिथे ३ माशे होते.